एबीजी वाचताना या चुका टाळा: मूळ बिघाड कोणता, भरपाई कोणती?

समजा, खानापूर तालुक्यातल्या खेड्यातून मधुमेहाची रुग्ण बेळगावला आणली आहे. ताप आला, जेवण जाईना, म्हणून घरच्यांनी दोन दिवस इन्सुलिनच बंद ठेवलं. आता उलट्या होतायत, श्वास खोल आणि भरभर चाललाय. घरचे म्हणतात, "धाप लागलीय." छाती मात्र स्टेथोस्कोपने स्वच्छ ऐकू येते. एबीजीच्या चिठ्ठीवर आकडे आहेत: pH 7.22, pCO2 25, HCO3 10.

पहिली चूक इथेच होते. pCO2 40 ऐवजी 25 दिसला की विद्यार्थी लगेच 'रेस्पिरेटरी अल्कलोसिस' लिहून मोकळा होतो. आधी पीएच बघा. 7.22 म्हणजे रक्त आम्लाकडे झुकलंय. कार्बन डायऑक्साइड कमी झाला तर रक्त अल्कलीकडे जायला हवं, म्हणजे दोषी तो नव्हे. बायकार्बोनेट 24 वरून 10 वर आलंय आणि झुकावाची दिशा त्याच्याशीच जुळते. मूळ बिघाड मेटाबॉलिक अॅसिडोसिस: कीटोन आम्लांनी बायकार्बोनेट खाल्लं. वाढलेल्या आम्लाने श्वसनकेंद्राला चालना दिली, म्हणून श्वास खोल झाला आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला. ही भरपाई आहे, दुसरा आजार नव्हे.

दुसरी चूक म्हणजे भरपाई झाली की पीएच 7.40 होणार असं धरून चालणं. भरपाई घसरण थोपवते, सहसा पूर्ण भरून काढत नाही. आम्लता हाच श्वास वाढवण्याचा इशारा आहे; पीएच पूर्ण सुधारला तर तो इशाराच थांबेल. म्हणून दोन्ही आकडे बिघडलेले असताना पीएच अगदी नॉर्मल दिसला, तर दोन वेगवेगळे बिघाड एकत्र आहेत का, हे आधी तपासा.

तिसरी चूक सगळ्यात घातक. pCO2 ची तुलना 40 शी करू नका, अपेक्षित आकड्याशी करा. मेटाबॉलिक अॅसिडोसिससाठी विंटर्सचं सूत्र असं:

```
pCO2 = 1.5 × HCO3 + 8 (± 2)
```

आपल्या रुग्णाचं 1.5 × 10 + 8 = 23, म्हणजे 21 ते 25. चिठ्ठीवर 25 आहे, भरपाई बरोबर चाललीय. फुप्फुसं मिनिटांतच कामाला लागतात, पण भरपाई पूर्ण व्हायला साधारण 12 ते 24 तास जातात. नुकत्याच सुरू झालेल्या अॅसिडोसिसला हे सूत्र लावलं तर फसाल.

आता याच रुग्णाचा pCO2 काही तासांनी 35 आला आणि बायकार्बोनेट 10 च राहिलं, तर? 35 हा आकडा नॉर्मलच्या पट्ट्यात बसतो, म्हणून सुटकेचा श्वास टाकला जातो. पण असायला हवा होता 23. पीएच आता 7.08 च्या आसपास घसरलाय. रुग्णाचा श्वास थकलाय, मेटाबॉलिक अॅसिडोसिसवर रेस्पिरेटरी अॅसिडोसिस चढलाय. वॉर्डात हाच रुग्ण 'शांत झाला' असा दिसतो, कारण आधीची धाप कमी झालेली असते. अशा वेळी श्वासाची गती आणि खोली स्वतः मोजा, रुग्ण हाकेला ओ देतो का बघा आणि सीनियरना लगेच बोलवा.