दात येताना बाळाला ताप आला तर काय तपासावे

सहा-सात महिन्यांच्या बाळाला ताप आला की घरातले मोठे आधी हिरडीवर बोट फिरवून बघतात. खालची हिरडी कडक, सुजलेली लागली की निदान झाले: "दात येतायत, म्हणून ताप." मग दोन-तीन दिवस वाट बघितली जाते. बरेचदा ताप आपोआप उतरतो आणि त्या निदानावरचा विश्वास आणखी पक्का होतो. पण काही बाळांच्या बाबतीत याच दोन-तीन दिवसांत लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग वाढत जातो. म्हणून दात आणि ताप वेगळे कसे करायचे, ते क्रमाने पाहू.

दातामुळे नक्की काय होते

पहिला दात साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास येतो, बहुधा खालच्या हिरडीच्या मधोमध. चौथ्या महिन्यात आला किंवा बाराव्यापर्यंत लांबला तरी घाबरण्याचे कारण नाही. दात हिरडीतून वर येताना तिथली जागा लाल होते, थोडी सुजते, दुखते. बाळ लाळ गाळते, हाताला येईल ते चावते, चिडचिड करते, रात्री एक-दोनदा जास्त उठते, घट्ट अन्न नको म्हणते. लाळेने हनुवटीवर आणि गळ्याच्या वळ्यांत पुरळ येते. हा त्रास दात वर येण्याच्या आधीचे तीन-चार दिवस आणि नंतरचे तीन दिवस, एवढाच असतो. अंग किंचित कोमट लागू शकते, पण तो ताप नव्हे.

जुलाब, उलट्या, खोकला, अंगभर पुरळ आणि चढता ताप ही दाताची लक्षणे नाहीत. मग दोन्ही एकाच वेळी का दिसतात? आईकडून पोटात असताना मिळालेली प्रतिकारशक्ती सहाव्या महिन्याच्या सुमारास ओसरू लागते. त्याच सुमारास बाळ पालथे पडते, पुढे सरकते, फरशीवरची वस्तू तोंडात घालते आणि वरचे खाणेही सुरू होते. म्हणजे पहिले दात आणि पहिले जंतुसंसर्ग यांचे वय एकच. दात तर अडीच-तीन वर्षांपर्यंत येतच असतात, एकूण वीस. त्यामुळे या काळातल्या कोणत्याही तापाशी एखादा दात जुळवता येतो.

पहिले काम: ताप मोजा

कपाळाला हात लावून ठरवू नका. साधा डिजिटल थर्मामीटर पुरेसा आहे. बाळ नुकतेच अंघोळ करून, दूध पिऊन किंवा दुपट्यात गुंडाळून झोपून उठले असेल तर पंधरा-वीस मिनिटे थांबा. काख कोरडी पुसा, थर्मामीटरचे टोक काखेच्या खोलगट भागात त्वचेला टेकवा, मध्ये झबल्याचे कापड येऊ देऊ नका आणि बीप वाजेपर्यंत बाळाचा दंड अंगाशी धरून ठेवा. टोक काखेच्या मागे बाहेर निघाले तर आकडा खोटा, कमी येतो. ही चूक फार होते.

काखेत ९९.५ अंश फॅरेनहाइट किंवा जास्त आले तर ताप समजून कारण शोधायला लागा. १००.४ किंवा त्याहून जास्त आला तर तो दाताच्या खात्यावर टाकू नका, हिरडीतून दात दिसत असला तरीही. आकडा आणि वेळ कागदावर लिहून ठेवा. डॉक्टरांना "कालपासून अंग गरम आहे" यापेक्षा "रात्री दहाला १०१.८, पहाटे चारला १०२.४" हे कितीतरी उपयोगी पडते.

वयानुसार किती थांबायचे

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप असेल तर अजिबात थांबायचे नाही, घरी औषध न देता लगेच दवाखान्यात न्यायचे. तीन ते सहा महिन्यांच्या बाळाला त्याच दिवशी दाखवायचे. सहा महिन्यांपुढचे बाळ खेळत-पीत असेल तर घरी लक्ष ठेवता येते. पण ताप १०२ च्या वर गेला, चोवीस तासांत उतरला नाही किंवा कारण सापडले नाही तर डॉक्टरांकडे जायचे.

कारण कसे शोधायचे: एक उदाहरण

समजा, आठ महिन्यांची मुलगी आहे, वजन ८ किलो. खालचे दोन दात आलेत, वरची हिरडी फुगली आहे, लाळ गळते आहे. कालपासून ताप १०२ च्या वर जातो. सर्दी नाही, खोकला नाही, जुलाब नाहीत.

आधी तिचे झबले काढून छाती-पोट बघा. ती शांत असताना पोट वर-खाली होताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिने ते एक वर्ष या वयात मिनिटाला ५० किंवा जास्त श्वास म्हणजे वेगाने चाललेला श्वास. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल तर न्यूमोनियाची शंका घेऊन लगेच निघा.

मग तोंड उघडून टॉर्चने बघा. दाताने फक्त हिरडीचा एक ठिपका लाल होतो. सगळ्या हिरड्या लालभडक, सहज रक्त येणाऱ्या असतील, जिभेवर-ओठांच्या आत फोड असतील, बाळ दुधालाही तोंड लावत नसेल, तर तो हर्पीसच्या विषाणूचा आजार असू शकतो. लाळ त्यातही खूप गळते, म्हणून तो दातांच्या नावावर हमखास खपतो. कानाशी हात नेणे हिरडीच्या दुखण्यातही होते. पण ताप असताना आडवे केले की बाळ किंचाळत असेल किंवा कानातून पाणी येत असेल तर कान तपासून घ्या. नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस झाली असेल तर तारीख आठवा, कारण त्या लसीचा ताप साधारण आठवडाभराने येतो. डॉक्टरांना हे सांगा. पावसाळ्यात डेंग्यू आणि मलेरियाही विसरू नका.

आपल्या उदाहरणातल्या मुलीच्या तपासणीत यातले काहीच सापडत नाही. नेमक्या याच ठिकाणी "मग दातच असणार" असे म्हटले जाते आणि तिथेच चुकते. कारण न सापडणारा चढता ताप म्हणजे आधी लघवी तपासा. एवढ्या लहान बाळाला जळजळ सांगता येत नाही. लघवीचा संसर्ग फक्त ताप, चिडचिड, उलटी किंवा कमी पिणे एवढ्यातूनच दिसतो. मुलींमध्ये तो जास्त आढळतो, पण पहिल्या वर्षात मुलांनाही होतो. उपचार लांबले तर मूत्रपिंडावर कायमचा व्रण राहू शकतो.

नमुना घेण्याची पद्धत महत्त्वाची आहे. शूची जागा साध्या पाण्याने पुढून मागे धुवा, लॅबची निर्जंतुक डबी उघडून हातात तयार ठेवा आणि ओटीपोटावर थंड पाण्यात भिजवलेल्या कापसाने गोल-गोल चोळा. बऱ्याच बाळांना त्याने लवकर शू होते. पहिली धार सोडून मधली डबीत धरा. डायपर पिळून किंवा चिकटवायच्या पिशवीतून घेतलेल्या नमुन्यात त्वचेवरचे जंतू मिसळतात आणि कल्चरचा, म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून बघण्याच्या तपासणीचा, अहवाल गोंधळात टाकतो. नमुना तासाभरात लॅबमध्ये पोचवा, उशीर होणार असेल तर फ्रीजमध्ये ठेवा. घरात उरलेले अँटिबायोटिक आधीच पाजले असेल तर कल्चरमध्ये जंतू वाढतच नाहीत, म्हणून ते स्वतःहून कधीच देऊ नका.

तापाचे औषध: बाटलीवरचा आकडा वाचा

पॅरासिटामॉलचे माप वयावर नाही, वजनावर ठरते: एका वेळी किलोमागे १५ मिलिग्रॅम, दोन डोसमध्ये निदान चार ते सहा तास, दिवसात जास्तीत जास्त चार वेळा. ८ किलोच्या बाळाला एका वेळी १२० मिलिग्रॅम. आता हेच माप बाटलीप्रमाणे बदलते. १ मिलीत १०० मिलिग्रॅम असलेले ड्रॉप्स असतील तर १.२ मिली. ५ मिलीत १२० मिलिग्रॅमचे सिरप असेल तर ५ मिली. ५ मिलीत २५० मिलिग्रॅमचे असेल तर सुमारे २.४ मिली. "मागच्या वेळी एक चमचा दिला होता" म्हणून ड्रॉप्स चमचाभर पाजले, तर बाळाच्या पोटात ५०० मिलिग्रॅम जाते, चारपट डोस, आणि त्याचा मार यकृतावर बसतो. म्हणून ड्रॉप्स आणि सिरप एका कपाटात शेजारी ठेवू नका, माप बाटलीसोबतच्या ड्रॉपर किंवा सिरिंजनेच घ्या, आणि पहिल्या डोसआधी माप डॉक्टरांकडून पक्के करून घ्या.

औषधाने ताप उतरला म्हणजे आजार किरकोळ, असे नाही. मात्र ताप उतरल्यावरही बाळ हसत-खेळत नसेल, मलूल पडून राहत असेल, तर ती काळजीची खूण आहे. ॲस्पिरिन देऊ नका. निमेसुलाइडवर भारतात बारा वर्षांखालील मुलांसाठी २०११ पासून बंदी आहे, तरी जुन्या चिठ्ठ्यांवर ते सापडते.

हिरडीसाठी

स्वच्छ धुतलेल्या बोटाने हिरडी दोन मिनिटे हलकेच चोळा किंवा फ्रीजमध्ये गार केलेले ओले मलमलचे कापड चावायला द्या. फ्रीझरमध्ये गोठवलेले नको, त्याने हिरडीला इजा होते. कच्चे गाजरही नको, तुकडा घशात अडकतो. हनुवटी पुसून कोरडी ठेवा.

मधातून टाकणखार हिरडीला लावण्याची पद्धत अजून बऱ्याच घरांत आहे, ती सोडा. टाकणखार म्हणजे बोरॅक्स, तो पोटात गेला की विषारी ठरतो, आणि एक वर्षाच्या आत मधाने बॉट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो. बेन्झोकेन किंवा लिग्नोकेन असलेली बधिर करणारी जेल्सही नकोत. बेन्झोकेनने रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटू शकते. "दाताच्या गोळ्या" दिल्या म्हणून जुलाब थांबतील, अशी वाट बघू नका. जुलाब होत असतील तर पाण्याचे प्रमाण पाकिटावर दिले आहे तेवढेच घेऊन ओआरएस बनवा, प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिली थोडे थोडे पाजा, अंगावरचे दूध चालू ठेवा आणि झिंकसाठी डॉक्टरांना किंवा आशाताईंना विचारा.

ताबडतोब निघायचे ते केव्हा

बाळ दूध ओढत नाही, घेतलेले सगळे उलटून टाकते, हाका मारूनही नीट जागे होत नाही, टाळू फुगलेली आहे, सात-आठ तासांत डायपर ओला नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, किंवा अंगावरचे लाल-जांभळे ठिपके काचेच्या पेल्याने दाबूनही पुसट होत नाहीत: यातले एकही दिसले तर सकाळची वाट पाहू नका.

आकडी आली तर बाळाला एका कुशीवर वळवा, तोंडात बोट, चमचा किंवा पाणी घालू नका, कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन करा. थांबली तरी त्याच दिवशी दाखवा आणि आकडी किती वेळ होती, अंगाच्या एकाच बाजूला होती की दोन्ही, हे लिहून न्या.