ॲसिटोन जास्त पडला आणि आल्डॉल समजला

मी खानापूर तालुक्यातला, दहावीपर्यंत मराठी मीडियम, मग पीयूसीपासून सगळं इंग्लिश, आणि बेळगावात बीएस्सीला आल्यावर सर इंग्लिशमध्ये लिहायचे नि कन्नडमध्ये समजवायचे. आल्डॉल कंडेन्सेशन मी पहिल्यांदा शिकलो ते असंच, बोर्डावरचे बाण वहीत उतरून. बाण कुठून निघतोय आणि का, हे काही कळलं नव्हतं. कळलं ते प्रॅक्टिकलला माती खाल्ल्यावर, म्हणून तेच सांगतो.

प्रॅक्टिकल होतं डायबेंझालॲसिटोनचं. बेंझाल्डिहाइड 2 मिली, ॲसिटोन पाऊण मिलीच्या आसपास, आणि पाणी नि अल्कोहोलमध्ये विरघळवलेला कॉस्टिक सोडा. हलवत राहिलं की काही मिनिटांत पिवळा साका खाली बसायला लागतो. आमच्या बाजूच्या सगळ्या फ्लास्कमध्ये तसा बसलाही, आमच्यात मात्र पिवळसर तेल तरंगायला लागलं. पार्टनर निपाणीचा, तो म्हणाला, "अरे, ॲसिटोन किती घातलास तू?" मी मोजमाप न बघता ओतला होता, 5 मिली तरी असेल. लॅबमधले मामा लांबूनच बघून म्हणाले, "हे काय फिल्टर होईना आता, परत करा की."

परत केलं, पण ते तेल काय होतं हे डोक्यात राहिलं. त्याचं उत्तर सगळं मेकॅनिझममध्येच आहे.

आधी कोण काय करू शकतं ते बघायचं. बेंझाल्डिहाइड म्हणजे C6H5CHO, याच्या कार्बोनिलला चिकटलेला कार्बन रिंगमधला, त्यावर काढण्यासारखा हायड्रोजनच नाही, म्हणजे हा गडी इनोलेट होऊच शकत नाही, नुसता मार खाणारा. ॲसिटोन म्हणजे CH3COCH3, याच्या दोन्ही बाजूंना अल्फा कार्बन आणि प्रत्येकावर तीन-तीन हायड्रोजन, म्हणजे हल्ला करणारा हाच. ॲसिटोन ॲसिटोनवरच का जात नाही? जातो, पण कीटोनचा कार्बोनिल अल्डिहाइडपेक्षा थंड असतो आणि ती रिॲक्शन बहुतेक उलटीच फिरते, ॲसिटोन परत ॲसिटोन होतो. म्हणून समोर बेंझाल्डिहाइड असलं की तोच गिऱ्हाईक.

आता पायऱ्या. हायड्रॉक्साइड ॲसिटोनच्या अल्फा कार्बनवरचा एक हायड्रोजन उचलतो, इनोलेट तयार होतो. तो फार थोडा होतो हं, ॲसिटोनचा पीकेए 19 ते 20 च्या घरात आणि पाण्याचा 15.7, म्हणजे हायड्रॉक्साइडची ताकद कमीच पडते, हजार रेणूंत एकही इनोलेट नसतो म्हटलं तरी चालेल. पण जो होतो तो लगेच वापरला जातो आणि दुसरा तयार होतो, म्हणून काम चालतं. इनोलेटचा कार्बन बेंझाल्डिहाइडच्या कार्बोनिल कार्बनला जाऊन चिकटतो, तिथल्या ऑक्सिजनवर निगेटिव्ह चार्ज येतो, तो पाण्यातनं हायड्रोजन घेतो, झाला बीटा हायड्रॉक्सी कीटोन. आल्डॉल नाव याचंच, एकाच रेणूत अल्डिहाइड नि अल्कोहोल असलेल्या मालावरनं पडलेलं, इथं कीटोन असला तरी नाव तेच चालतं.

इथंच माझी जुनी चूक. पुढं पाणी निघतं म्हणून मी OH ला हायड्रोजन जोडून H2O+ करायचो आणि बाहेर काढायचो. सरांनी त्या ओळीवर गोल केला, मार्क गेले. बेसच्या फ्लास्कात तसला ॲसिडवाला रेणू कुठनं येणार! बेसमध्ये उलटं चालतं, हायड्रॉक्साइड आधी अल्फा कार्बनवरचा आणखी एक हायड्रोजन उचलतो, परत इनोलेट होतो, आणि त्या इनोलेटचे इलेक्ट्रॉन आत ढकलले जातात तेव्हा बीटा कार्बनवरचा OH हायड्रॉक्साइड होऊन बाहेर पडतो. एरवी हायड्रॉक्साइड लीव्हिंग ग्रुप म्हणून अगदी आळशी, पण इनोलेट मागनं ढकलतोय आणि पुढं काँजुगेशन मिळतंय म्हणून जातो. याला ई वन सीबी म्हणतात, आणि बाण दाखवताना तो नेहमी इलेक्ट्रॉनच्या जोडीपासून सुरू करायचा, हायड्रोजनपासून नाही.

शेवटी अल्फा आणि बीटाच्या मध्ये डबल बाँड येतो. एका बाजूला कार्बोनिल, दुसऱ्या बाजूला बेंझिन रिंग, सगळं एका माळेत ओवलेलं, म्हणून पाणी इतकं सहज निघतं, हायड्रॉक्सीवर थांबतच नाही म्हणा ना. रिंग आणि कार्बोनिल डबल बाँडच्या विरुद्ध बाजूंना राहतात, ट्रान्स.

प्रॉडक्ट पटकन काढायची माझी पद्धत अशी, बेंझाल्डिहाइडचा ऑक्सिजन खोडायचा, ॲसिटोनच्या एका टोकाचे दोन हायड्रोजन खोडायचे, तेच पाणी, आणि उरलेल्या दोन कार्बनमध्ये डबल बाँड मारायचा. C7H6O आणि C3H6O मिळून एक पाणी वजा केलं की C10H10O, बेंझालॲसिटोन. हा अजून संपलेला नाही, दुसऱ्या टोकाचा CH3 तसाच आहे, तिथंही तीन हायड्रोजन आहेत. बेंझाल्डिहाइड शिल्लक असेल तर तिथंही तेच होतं आणि C17H14O म्हणजे डायबेंझालॲसिटोन मिळतो.

आता माझं तेल. 2 मिली बेंझाल्डिहाइड म्हणजे साधारण 0.02 मोल, आणि पाऊण मिली ॲसिटोन म्हणजे 0.01 मोल, दोनास एक, म्हणजे दोन्ही टोकं भरायला पुरतं. मी 5 मिली ओतला तेव्हा ॲसिटोन 0.07 मोलच्या जवळ गेला, एका बेंझाल्डिहाइडमागं साडेतीन ॲसिटोन. मग प्रत्येक बेंझाल्डिहाइडला मोकळा ॲसिटोन आधी भेटणार, अर्धवट झालेला माल दुसऱ्यांदा कोण भेटायला जातंय? म्हणून बहुतेक सगळं बेंझालॲसिटोनवर अडकलं. ते शुद्ध असलं तरी 40 डिग्रीच्या आसपास वितळतं, कचरा मिसळला की तेलासारखंच राहतं. डायबेंझालॲसिटोन वितळतो 110-111 ला, आणि त्या अल्कोहोलमध्ये फारसा विरघळत नाही म्हणून खाली बसतो, खाली बसला की रिॲक्शनमधून बाहेर पडतो नि पुढं ओढली जाते.

दुसऱ्या खेपेला साका बसला, पण कॅपिलरीत 100 च्या खालीच ओलावल्यासारखा वितळायला लागला. धुणं कमी पडलं होतं. कॉस्टिक सगळा जाईपर्यंत गार पाण्यानं धुवायचं, मग अल्कोहोलमधून परत क्रिस्टल काढायचे, मग आला 110. थिअरीनं 2.3 ग्रॅम निघायला पाहिजे होता, आमचा निघाला 1.6. आणि बेंझाल्डिहाइडच्या बाटलीच्या तोंडाला पांढरं साचलं असेल तर ते बेंझोइक ॲसिड, हवेनं झालेलं, ते तुमचा सोडा खाऊन टाकतं, तसली बाटली घेऊ नका.

परीक्षेत एक प्रश्न अजून फसवतो. आयसोब्युटायराल्डिहाइड, (CH3)2CHCHO, स्वतःवरच आल्डॉल करतं, काँजुगेटेड प्रॉडक्ट लिहा, असं येतं आणि निम्मा वर्ग डबल बाँड काढून मोकळा होतो. पण त्या अल्फा कार्बनवर हायड्रोजन एकच होता, तो इनोलेट करताना गेला, आता पाणी काढायला दुसरा नाहीच. तिथं उत्तर हायड्रॉक्सी अल्डिहाइडवरच थांबतं, पुढं काढलात की कार्बनला पाच हात होतात.