नळाच्या जॉइंटमधून थेंब थेंब पाणी: टेफ्लॉन टेप अशी लावली आणि थांबलं

बाथरूमचा अर्धा इंची नळ भिंतीतल्या एल्बोपाशी झिरपत होता, पाना लावून कितीही आवळला तरी थेंब येतच, वैताग नुसता. जास्त आवळल्याने आटे टेप कापतात, पाण्याला आट्यांमधून वाट मिळते, आणि प्लॅस्टिकचा एल्बो तर तडकूच शकतो.

मेन कॉक बंद करून नळ काढला, जुनी टेप ब्रशने पार खरवडली. आट्याचं तोंड आपल्याकडे धरून, पहिला आटा मोकळा सोडून, टेप ताणत घड्याळाच्या दिशेने सात-आठ वेढे, उलटी गुंडाळली की नळ फिरवताना सुटते. आधी हाताने घट्ट, मग पान्याने साधारण एक फेरा. नळ सरळ करायला मागे फिरवायचा नाही, फिरवलाच तर टेप नवीन. टिश्यू गुंडाळून ठेवला, कोरडा राहिला. शॉवरच्या होजला मात्र टेप नको, तिथे रबरी वॉशर बदला.