रखुमाईच्या नावाची कविता: अक्षरं कशी पाडायची आणि ओळी कशा जुळवायच्या

आषाढी जवळ आली की गावोगावच्या शाळांत नि संस्कारवर्गांत देवाच्या नावाचं एकेक अक्षर घेऊन ओळी रचायचा उपक्रम होतो. मग भिंतीवर दिसतं ते असं: ‘र म्हणजे रम्य, ख म्हणजे खरी, म म्हणजे मंगल’. याला कविता म्हणत नाहीत. ते पोरांना म्हणताही येत नाही, कारण त्यात वाक्यच नसतं. मी पुष्कळ वर्षं वर्गात हे करून घेते आहे. कागद कापणं, चिकटवणं पोरांना सांगावं लागत नाही. अडतं ते अक्षरांपाशी.

पहिलं काम म्हणजे नाव निवडणं. देव एकच असला तरी त्याची सगळीच नावं या कामाला चालत नाहीत. मी पहिल्यांदा ‘रुक्मिणी’ घेतलं होतं. तिवसा तालुक्यातलं, वर्धा नदीकाठचं कौंडण्यपूर हे रुक्मिणीचं माहेर, तिची पालखी तिथून पायी पंढरपूरला जाते, म्हणून पोरांना हेच नाव द्यावं असं वाटलं. रु जमलं. पुढे ‘क्मि’ आलं. क्मि ने सुरू होणारा शब्द मराठीत नाही. मग ‘णी’. ण ने सुरू होणारा शब्दही नाही, ळ चंही तसंच. दोन दिवस घालवून मी शेवटी ‘क्मि’च्या जागी ‘कि’ घेतला आणि ‘णी’च्या जागी ‘नी’. फळ्यावर उभं वाचलं तर ‘रुकिनी’. देवीचं नाव पोरांच्या हातून चुकीचं लिहून घेतलं, याचं फार वाईट वाटलं.

तेव्हापासून माझा नियम आहे: नाव आधी तोडून बघायचं, प्रत्येक अक्षराला निदान तीन शब्द सुचले तरच ते घ्यायचं. ‘विठ्ठल’ला ठ्ठ आडवा येतो, ‘गणपती’, ‘गणेश’ आणि ‘रेणुका’ यांना ण. त्याऐवजी पांडुरंग, गजानन, अंबादेवी, महाकाली घ्या, सरळ चालतात. फक्त ‘गजानन’ म्हटलं की आपल्याकडच्या पोरांच्या डोळ्यांपुढे शेगावचे महाराज येतात, तेव्हा कविता गणपतीची की महाराजांची, हे आधी बोलून घ्या. नाहीतर निम्म्या ओळींत मोदक आणि निम्म्यांत चिलीम येते. कुणी सांगतात, अडचणीचं अक्षर ओळीच्या मधे घ्या. घेऊ नका. चिकटवलेली अक्षरं एका रेघेत उभी दिसली नाहीत तर नाव वाचताच येत नाही.

‘ण’बद्दल एक सांगते. आपल्या वऱ्हाडी बोलीत ण चा न होतो, ‘पानी’, ‘लोनी’. त्यामुळे ण विचारला की पोरगं पटकन ‘नमन’ म्हणतं. त्याच्या कानाची ती चूक नाही, त्यावरून त्याला हसू नका. कागदावर मात्र ण च लागतो, म्हणून नावच दुसरं घ्यायचं.

रुक्मिणीचं दुसरं नाव रखुमाई. र, खु, मा, ई. चार अक्षरं, चार ओळी. इथेच बहुतेक जण घसरतात. मात्रा अक्षरापासून तोडायची नाही. खु म्हणजे खु च, ख नाही. काना, उकार सोडून ‘र ख म ई’ केलं तर उभं वाचताना ‘रखमई’ होतं. खु साठी शब्द मागितला की पोरं पहिला ‘खूप’ सांगतात. तो खू आहे, दीर्घ. तोंडी म्हणताना फरक कळत नाही, पण कागदावर नाव ‘रखूमाई’ होतं. ‘खुणावते’, ‘खुले’, ‘खुलवी’ यांतून निवडा. ई चंही तसंच: ‘इवली’, ‘इथे’ चालणार नाहीत, त्यांत ऱ्हस्व इ आहे. ई ला मुलांच्या ओळखीचे शब्द थोडेच, ‘ईश्वर’ त्यांतला सर्वांत सोपा. म्हणून शेवटची ओळ आधी बांधायची आणि बाकीच्या तिला जुळवून घ्यायच्या. मी हे उलट करत होते तेव्हा दर वेळी तिसऱ्या ओळीनंतर अडकत होते.

आता ओळीची लांबी. दर ओळीत आठ अक्षरं ठेवा, चार-चार टाळ्यांत बसतात. मोजताना जोडाक्षर एकच धरायचं, काना-मात्रा आणि अनुस्वार वेगळे मोजायचे नाहीत. ‘ईश्वराचा’ म्हणजे ई, श्व, रा, चा: चार अक्षरं. ‘तिथे थाट’ चार. ओळ झाली. थाट ला यमक वाट, म्हणून दुसरी ओळ ‘खुणावते तिला वाट’. पहिली ओळ मी आधी ‘रमे वर्धेच्या काठाला’ अशी केली होती. अक्षरं आठच, पण चौथी टाळी ‘वर्धे’वर पडते आणि ‘च्या’ पुढच्या चारांत जातो. पोरं नेमकी तिथेच अडखळत. ‘माय पंढरीला जाते’मध्येही चौथ्या टाळीला ‘पंढरी’ तुटते. नुसती अक्षरं मोजून भागत नाही, चौथ्या अक्षरावर शब्दही संपायला हवा. शेवटी अशी झाली:

रमे लेक वर्धाकाठी
खुणावते तिला वाट
माय जाते पंढरीला
ईश्वराचा तिथे थाट

यात ‘रखुमाई’ हा शब्द कुठेही नाही, तो मुद्दाम टाळला आहे. ती चार अक्षरांतूनच उमटली पाहिजे. माहेरची लेक तिसऱ्या ओळीत माय होते, हे मुलांना सांगावं लागत नाही, मुलीच ओळखतात.

पोरांनी स्वतः रचलेली ओळ दहा अक्षरांची झाली तर टाळ्या वाजवून म्हणायला लावा. वरची दोन अक्षरं त्यांच्याच जिभेला खटकतात, मग ‘आणि’, ‘खूप’, ‘छान’ असलं काहीतरी तीच काढून टाकतात. तुम्ही खोडू नका.

हस्तकला थोडक्यात: जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर वीतभर उंचीचं अक्षर काढा, त्यावर डिंक लावून घरचा कापूस किंवा तुरीची डाळ चिकटवा. कणकेची खळ नको, मुंग्या लागतात. पावसाळी हवेत डिंक सावकाश वाळतो, म्हणून एक दिवस आधीच करून ठेवा. ओळ अक्षराखाली लिहायची आणि मागच्या बाजूलाही, म्हणजे विसरलेल्या पोराला वाकून बघावं लागत नाही.

म्हणायला उभं करताना ‘र’ धरणारं मूल बघणाऱ्यांच्या डाव्या हाताला हवं, म्हणजे मुलांच्या रांगेत ते उजव्या टोकाला येतं. शिकवताना आपण पोरांच्या मागे उभे असतो, म्हणून हे कळत नाही. एका आषाढीला मी डावीकडून उभं केलं आणि देवळासमोर बसलेल्या आयांना नाव उलटं, ‘ईमाखुर’ असं दिसलं. तेव्हापासून सरावाच्या वेळी मी रांगेसमोर जाऊन एकदा वाचून घेते. प्रत्येक मुलाने आपली ओळ दोनदा म्हणायची, दुसऱ्यांदा टाळ्यांसह, आणि ‘थाट’ नंतर चारही कागद एकदम डोक्यावर उचलून सगळ्यांनी मिळून एकदाच म्हणायचं: रखुमाई.