तक्रार आली की प्रशिक्षण? सेवेतली ही चूक टाळा

घरगुती उपकरणं दुरुस्त करणाऱ्या एका सेवेचं उदाहरण घेऊ. तक्रारी दोनच येतात: ‘माणूस वेळेवर येत नाही’ आणि ‘आला की धड बोलत नाही’. व्यवस्थापन तंत्रज्ञांना दोन दिवसांचं सौजन्य-प्रशिक्षण देतं, नवे गणवेशही देतं. तीन महिन्यांनी तक्रारी तेवढ्याच असतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

उत्पादन, किंमत, वितरण आणि जाहिरात या विपणनाच्या चार घटकांना बूम्स आणि बिटनर यांनी 1981 मध्ये माणसं, प्रक्रिया आणि भौतिक पुरावा हे आणखी तीन जोडले, कारण सेवेच्या बाबतीत पहिले चार पुरत नव्हते. घोटाळा असा की ग्राहकाला या तिघांपैकी माणूसच समोर दिसतो. त्यामुळे प्रक्रियेतला दोष त्याच्या नावावर जमा होतो आणि तक्रारवहीतही तसाच उतरतो.

आपल्या तंत्रज्ञाचा दिवस मोजून पाहा. एका कामाला सरासरी 50 मिनिटं आणि पुढच्या घरी पोहोचायला 25, म्हणजे एका भेटीला 75 मिनिटं. पाळी आठ तासांची, म्हणजे 480 मिनिटांची. त्यात जेमतेम सहा भेटी बसतात, आणि त्याही जेवणाची सुट्टी न धरता. वेळापत्रकात मात्र रोज नऊ भेटी लावलेल्या असतात. नऊ भेटींना 675 मिनिटं, म्हणजे सव्वाअकरा तास लागतील. सातव्या घरी पोहोचलेला माणूस गोड बोलेल अशी अपेक्षाच कशी करायची?

परशुरामन, झाइथमल आणि बेरी यांनी 1985 मध्ये मांडलेलं गॅप मॉडेल इथे उपयोगी पडतं. त्यात सेवेतल्या पाच तफावती सांगितल्या आहेत. ग्राहकाची अपेक्षा आणि त्याला आलेला अनुभव यांतली तफावत ही पाचवी. ती आधीच्या चारांमधून तयार होते. ग्राहकाला काय हवं हे व्यवस्थापनाला न कळणं ही पहिली. कळूनही त्याप्रमाणे सेवेचे निकष न ठरवणं ही दुसरी. ठरलेले निकष प्रत्यक्षात न पाळले जाणं ही तिसरी. आणि दिलेली सेवा व जाहिरातीतलं वचन यांतला फरक ही चौथी. प्रशिक्षणाचा उतारा मुख्यतः तिसरीवर चालतो, आणि तोही कौशल्य किंवा वागणूक कमी पडत असेल तरच. नऊ भेटींचा निकष मुळातच अशक्य असेल, तर दुखणं दुसरीत आहे.

हे ओळखायची एक सोपी कसोटी आहे. उशिराच्या नोंदी तंत्रज्ञानुसार आणि भेटीच्या क्रमानुसार वेगवेगळ्या मांडा. एक-दोघेच सतत उशिरा असतील तर त्यांच्याशी बोला. सगळेच सकाळी वेळेवर आणि दुपारनंतर उशिरा असतील, तर दोष वेळापत्रकात आहे. सरासरी उशीर काढून भागत नाही. सकाळच्या चांगल्या भेटी दुपारचा गोंधळ झाकून टाकतात.

दुसरी चूक सर्वेक्षणाच्या बाबतीत होते. सेवेची गुणवत्ता मोजणाऱ्या सर्व्हक्वाल या प्रश्नावलीतली 22 विधानं ग्राहकांकडून भरून घेतली आणि गुण कमी आले, की निदान झालं असं समजलं जातं. पण ती प्रश्नावली पाचवी तफावत मोजते. ताप किती हे थर्मामीटर सांगतो, कशाने आला हे नाही. आधीच्या चारांसाठी व्यवस्थापक, तंत्रज्ञ आणि फोन घेणारे कर्मचारी यांना वेगळं विचारावं लागतं. आपल्या उदाहरणात फोन घेणाऱ्यांना विचारलं तर कळतं, की ‘24 तासांत दुरुस्ती’ ही जाहिरात सुरू झाली तेव्हा वेळापत्रक लावणाऱ्याला कुणी विचारलंच नव्हतं. ही झाली चौथी. आणि ग्राहकांशी निवांत बोललं की पहिलीही सापडते: अनेकांना घाई नसतेच, त्यांना फक्त नक्की वेळ हवी असते, म्हणजे दिवसभर घरी अडकून पडावं लागत नाही.

आता गणवेश. भौतिक पुरावा म्हणजे सजावट, हा गैरसमज फार पसरला आहे. चकचकीत गणवेश आणि सुबक अ‍ॅप ग्राहकाची अपेक्षा वाढवतात. मागची प्रक्रिया तीच असेल तर तफावत उलट रुंदावते. दुरुस्तीचं काम यंत्राच्या आत होतं, ते ग्राहकाला दिसत नाही, म्हणून पुरावा त्या कामाचा हवा: काढलेला जुना भाग परत देणं, काय तपासलं आणि काय बदललं याची स्वच्छ नोंद, यंत्र चालवून दाखवणं. माझ्या मते नव्या गणवेशापेक्षा हा साधा कागद जास्त काम करतो.

दुरुस्तीचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी ‘24 तास’ हे वचन मागे घ्या आणि भेटीसाठी दोन तासांची ठरावीक वेळ द्या. मग भेटी सहावर आणा, किंबहुना पाचवर, कारण एखादं काम दीड तास खातंच. रोजच्या मागण्या त्याहून जास्त असतील तर माणसं वाढवा किंवा उद्याची वेळ द्या. एवढं झाल्यावरही कुणी उद्धट वागत असेल, तर प्रशिक्षणाचा विषय तेव्हा काढा.