ए-फोरवर सुबक, ए-झिरोवर धूसर: पेपरचं पोस्टर करताना या चुका टाळा

परिषदेला निघायच्या आदल्या संध्याकाळी माझ्या विद्यार्थिनीने नागपुरात बर्डीवरच्या एका छपाईच्या दुकानात पोस्टर उलगडलं आणि फोन केला, "सर, आलेख सगळे पसरलेत. पण काल ए-फोरवर प्रिंट काढली तेव्हा तर एकदम क्लिअर होते ना!" मशीन बिघडली असेल असं तिला वाटत होतं. मशीन ठीक होती. चूक आधीच, पेपरच्या पीडीएफमधून आकृत्या उचलताना झाली होती.

पेपर संत्र्याच्या बागेवरचा होता. काटोलकडच्या दोन शेजारच्या बागा, एकीला ठिबक, दुसरीला मोकाट पाणी, आणि दोन्हींच्या आंबिया बहाराची तुलना. जर्नलच्या आठ पानांत चार आकृत्या आणि एक भलामोठा तक्ता. हे सगळं तिला ए-झिरोच्या उभ्या पोस्टरवर, म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटरवर मांडायचं होतं.

आधी आकृत्यांचं पाहू, कारण तिथली चूक शेवटपर्यंत लपून राहते. जर्नलमध्ये एका रकान्यातली आकृती साधारण ८५ मिलिमीटर रुंद असते. तिथे ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, धरले तर आडवे हजारेक पिक्सेल होतात. पोस्टर दोन रकान्यांचं केलं, कडेला तीन-तीन सेंटिमीटर आणि मध्ये अडीच सेंटिमीटर सोडलं, तर एक रकाना सुमारे ३७ सेंटिमीटरचा उरतो. तेच हजार पिक्सेल एवढ्या रुंदीवर ताणले की इंचाला जेमतेम ७० ठिपके येतात. जवळ उभं राहून पाहणाऱ्याला रेषांच्या पायऱ्या दिसणारच. पीडीएफ शंभर टक्क्यांवर ठेवून स्क्रीनशॉट मारला असेल तर आणखी कठीण, तिथे हाती तीनेकशे पिक्सेलच येतात.

मग ए-फोरची प्रिंट स्वच्छ का आली? ए-झिरोची लांबी-रुंदी ए-फोरच्या बरोबर चौपट असते. पोस्टर चौपट लहान झालं की ते ७० ठिपके एका इंचात २८० होऊन बसतात आणि आकृती जर्नलइतकीच नेटकी दिसते. म्हणून ए-फोरची प्रिंट आकृतीच्या बारकाईची परीक्षा घेऊच शकत नाही. ती परीक्षा पडद्यावर घ्यायची. पोस्टरची पीडीएफ उघडा, झूम १०० टक्के ठेवा आणि प्रत्येक आकृतीवरून सरकत जा. तिथे जे फाटलेलं दिसेल, ते छपाईतही फाटेल.

अक्षरांच्या आकारासाठी मात्र हीच ए-फोर प्रिंट उत्तम. पोस्टर दीड मीटरवरून वाचणं आणि त्याची ए-फोर प्रत ३७ सेंटिमीटरवर, पुस्तक धरतो तशी धरून वाचणं, डोळ्याला सारखंच. पोस्टरवरची २८ पॉइंटची अक्षरं इथे ७ पॉइंटची दिसतात. ती सहज वाचता आली तर मजकूर चालेल, डोळे बारीक करावे लागले तर नाही.

याच प्रिंटवर तिच्या दुसऱ्या आकृतीचं दुखणं उघडं पडलं. ती जर्नलमध्ये पानभर रुंद होती, १७० मिलिमीटरची, एकात चार आलेख. तिचे पिक्सेल दुप्पट असल्यामुळे ती धूसर झाली नव्हती. पण ३७ सेंटिमीटरवर नेली तरी ती फक्त सव्वादोन पट वाढते, म्हणून अक्षांवरचे ८ पॉइंटचे आकडे जेमतेम १७ पॉइंटचे होतात. पहिल्या आकृतीतले तेच ८ पॉइंट चौपटीहून जास्त वाढून ३५ झाले होते. म्हणजे पहिलीची अक्षरं ठीक पण रेषा फाटलेल्या, दुसरीच्या रेषा ठीक पण अक्षरं वाचेनात. दोघींवर एकच औषध चालत नाही. "डीपीआय वाढवा" हा सगळ्यांच्या तोंडी असलेला सल्ला दुसरीला काडीचाही उपयोगाचा नाही.

सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे मूळ डेटावरून आकृती पुन्हा काढायची, पोस्टरवरच्या खऱ्या मापाची, आणि व्हेक्टर स्वरूपात. ती पिक्सेलची नसते, त्यामुळे कितीही मोठी केली तरी फाटत नाही. पायथॉन वापरत असाल तर एवढंच पुरतं:

```python
import matplotlib.pyplot as plt
plt.rcParams["font.size"] = 28
plt.rcParams["lines.linewidth"] = 4
fig, ax = plt.subplots(figsize=(14.5, 9))
# इथे तुमचा आलेख
fig.savefig("utpadan.svg")
```

१४.५ इंच म्हणजे आपले ३७ सेंटिमीटर. पॉवरपॉइंटमध्ये घेतल्यावर रुंदी तेवढीच ठेवा, म्हणजे २८ पॉइंट हे २८च राहतील. चार आलेखांपैकी आम्ही दोनच ठेवले. मूळ फाइल हरवली असेल तर जर्नलची पीडीएफ इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्राममध्ये उघडून पाहा. आकृती व्हेक्टर असेल तर रेषा सुट्या सुट्या हाती लागतात. फोटो मात्र असा वाचवता येत नाही, त्याची कॅमेऱ्यातली मूळ फाइलच शोधावी लागते.

पॉवरपॉइंटचीही एक खोड आहे. पानाचा आकार पहिल्याच मिनिटाला ठरवा, `Design > Slide Size > Custom Slide Size` मध्ये रुंदी ८४.१ आणि उंची ११८.९ सेंटिमीटर. नेहमीच्या स्लाइडवर पोस्टर रचून "दुकानवाला मोठं करेल" म्हटलं तर दोन्हींचं प्रमाण जुळत नाही. कडेला पांढऱ्या पट्ट्या येतात किंवा संत्री लांबुळकी होतात. शिवाय सेव्ह करताना हा प्रोग्राम फोटोंचे ठिपके कमी करतो. `File > Options > Advanced` मध्ये जाऊन `Do not compress images in file` वर खूण करा, आणि तीही फोटो घालण्याआधी. एकदा गेलेले ठिपके परत येत नाहीत.

आता मजकूर. तिने पेपरचे परिच्छेद जसेच्या तसे चिकटवून अक्षरं १८ पॉइंटवर आणली होती, कारण त्याशिवाय ते मावतच नव्हते. पद्धतीचा परिच्छेद असा होता: "काटोल तालुक्यातील दोन लगतच्या बागांमधून ६ बाय ६ मीटर अंतरावर लागवड केलेल्या झाडांची यादृच्छिक पद्धतीने निवड करण्यात आली असून, एका बागेस ठिबक सिंचनाद्वारे व दुसऱ्या बागेस प्रचलित पद्धतीने पाणी देण्यात आले." आम्ही तो पूर्ण काढला. त्याच्या जागी दोन बागांचं साधं रेखाचित्र आलं. एकात ठिबकच्या नळ्या, दुसऱ्यात झाडांभोवतीची पाण्याची आळी, झाडांमध्ये "६ मी" असा बाण, आणि खाली एकच ओळ: "झाडं चिठ्ठ्या टाकून निवडली." वाक्य लहान करण्यापेक्षा ते चित्रात जातंय का, हे आधी बघावं. "करण्यात आले" असल्या शेपट्या तर पहिल्यांदा छाटाव्यात.

"निष्कर्ष" या मथळ्याऐवजी निष्कर्षच मथळ्यात लिहिला. सारांश काढून टाकला, कारण अख्खं पोस्टर हाच सारांश असतो. परिषदेच्या सूचनापत्रात तो मागितला असेल तर गोष्ट वेगळी. नऊ स्तंभांच्या तक्त्यातले दोनच स्तंभ बोलत होते, त्यांचा स्तंभालेख केला. बाकीचे सात कोणी विचारले तर पेपरची छापील प्रत हातात होती.

एवढं करूनही दुसऱ्या छपाईत पोस्टर किंचित लहान निघालं. प्रिंट करताना "पानात बसवा" हा पर्याय चालू राहिला होता. दुकानातून निघायच्या आधी टेप लावून रुंदी मोजा. ८४ सेंटिमीटर भरली नाही तर तिथल्या तिथे पुन्हा काढायला सांगा, आणि फ्लेक्स असो की कागद, घडी घालू न देता गुंडाळीच करून घ्या.