टाइमटेबल मराठीत करताना कोडला हात लावू नका

भाचीने बी.टेक.च्या तिसऱ्या सेमच्या टाइमटेबल आणि सिलॅबसचा फोटो पाठवला. वाडीला राहणाऱ्या ताईला तो मराठीत हवा होता. भाषांतराच्या ॲपने 'क्रेडिट'चं 'उधारी' करून टाकलं आणि ताईचा पहिला प्रश्न, "काहून रे, फी बाकी आहे का?"

तेव्हापासून मी दोन गोष्टी जशाच्या तशा ठेवतो. एक, कोर्स कोड. `CS301` हे इंग्रजीतच लिहायचं, कारण हॉल तिकिटावर आणि मार्कशीटवर ताईला तेच जुळवायचं आहे. फोटोतून उचलताना शून्याचा `O` होतो, एकचा `I`. म्हणून प्रत्येक कोड मूळ फोटो मोठा करून अक्षर-अक्षर ताडून बघा. दुसरी गोष्ट 'क्रेडिट' हा शब्द.

सिलॅबसमध्ये विषयापुढे `L-T-P` खाली `3-0-2` आणि शेवटी `C` खाली `4` असं दिसतं. ताईसाठी मी बाजूला लिहिलं: आठवड्याला तीन तास लेक्चर, ट्युटोरियल नाही, दोन तास प्रॅक्टिकल. लेक्चरच्या एका तासाला एक क्रेडिट, प्रॅक्टिकलच्या दोन तासांना मिळून एक, म्हणून चार. बहुतेक इंजिनीअरिंग कॉलेजांत हाच हिशेब असतो. बेरीज जुळली नाही, तर आधी फोटोतला आकडा चुकीचा वाचला का ते बघा.

टाइमटेबलमध्ये एकाच चौकटीत `B1` आणि `B2` दिसले तर त्या बॅचेस आहेत. भाचीची बॅच विचारून तेवढ्यावरच खूण करा, नाहीतर ताई दोन्ही प्रॅक्टिकल धरून डबा भरते.